धागा: लांब लेखाचा शेवट लिहिताना सुरुवातच परत लिहिली जाते, काय करावं?

तर्रीपोहे
मंडळी, जरा मदत पाहिजे. आमच्या लेआऊटची दरवर्षी स्मरणिका निघते, यंदा मी मोठ्या हौसेने "कूलर चालतो पण थंड का करत नाही" असा लेख दिला, चांगला पावणेतीन हजार शब्दांचा. मी काही मेकॅनिक नाही पण गल्लीतले कूलर मीच उघडतो त्यामुळे माहिती पक्की आहे. संपादक काकांनी लेख परत पाठवला आणि शेवटच्या परिच्छेदासमोर पेन्सिलनं लिहिलं, "हे मी पहिल्या पानावर वाचलं." बस एवढंच. मला आधी राग आला मग दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर खरंच तसंच निघालं.

सुरुवात अशी आहे:

"आमची मावशी दर मे महिन्यात म्हणते, कूलर मेला. कूलर चालू असतो, पंखा फिरत असतो, पण खोली काही थंड होत नाही. मग आपण ताट्या बदलतो, पंप बदलतो आणि शेवटी कूलरच बदलतो. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. या लेखात आपण ताट्या, पंप, पाणी आणि खोलीतली हवा या चार गोष्टी पाहू आणि कूलर थंड का करत नाही ते समजून घेऊ."

आणि शेवट असा:

"अशा प्रकारे या लेखात आपण ताट्या, पंप, पाणी आणि खोलीतली हवा या चार गोष्टी पाहिल्या आणि कूलर थंड का करत नाही ते समजून घेतलं. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचं महत्त्व वेगळं सांगायला नको. या चार गोष्टींकडे नीट लक्ष दिलं तर कूलर नक्कीच थंड हवा देईल."

आता प्रश्न असा की शेवटी सगळ्याचा गोषवारा तर द्यायलाच पाहिजे ना, एवढा लांब लेख वाचल्यावर माणूस विसरतो. मग तो द्यायचा आणि सुरुवातीसारखा होऊ द्यायचा नाही, हे कसं जमवतात?

गोकुळपेठचा_मामा
खसच्या ताट्या लाव. वुडवूल दोन महिन्यांत बसतं. आणि पाण्यात थोडा बर्फ टाकून बघ, आमच्याकडे टाकतात.

तर्रीपोहे
मामा, कूलर बरा आहे हो, लेख बिघडला आहे 🙂

वऱ्हाडी_डेस्क
काहून एवढं टेन्शन घेऊन राहिला बावा. शेवट काढूनच टाक. मी पंधरा वर्षं पेपरात डेस्कवर काढली, आम्ही बातमीले शेवट कधी लिहिलाच नाही. महत्त्वाचं ते पयले, कमी महत्त्वाचं खाली, आणि जागा कमी पडली का खालून कापत जायचं. तुझ्या शेवटाले कापलं तं कोनाचं काय अडते? कोनाचंच नाही. मंग तो पाहिजे कायले?

तर्रीपोहे
हाव ना, हे पटतं पण, आणि मी खरंच कापून पाहिलं. मग लेख "म्हणून खिडकी उघडी ठेवावी" या वाक्यावर धाडकन संपतो. बायको म्हणाली पुढचं पान कुठं आहे.

पीएचडी_पीडिता
अगदी हेच माझ्यासोबत झालंय त्यामुळे लिहिते. माझ्या प्रबंधात मी शेवटचं प्रकरण म्हणून सुरुवातीचा सारांशच चिकटवला होता, फक्त "करणार आहे"चं "केले आहे" केलं. सहा वर्षांचं काम आणि शेवटी कंटाळा आलेला असतो हो, कोणी काही म्हणा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी दोन्ही पानं उघडून शांतपणे विचारलं की यात काळ सोडून काय बदललंय. मला उत्तर नाही सुचलं. नंतर गाइड म्हणाले, सारांश हा ज्यानं प्रबंध वाचला नाही त्याच्यासाठी असतो आणि निष्कर्ष ज्यानं वाचला त्याच्यासाठी. तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. आणि एक, आमच्याकडे शेवटी पुढच्या संशोधनाच्या दिशा पण द्याव्या लागतात, तू पण देऊन टाक, म्हणजे नवीन काहीतरी येईल.

गोकुळपेठचा_मामा
कूलरवर पुढचं संशोधन म्हणजे एसी 😄

कागदोपत्री
मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो, आता निवृत्त. निकालपत्राची रचना बघा, त्यात तुमचं उत्तर आहे. आधी वादीचं म्हणणं, प्रतिवादीचं म्हणणं, मग मुद्दे काढतात, त्यासमोर निष्कर्ष होय किंवा नाही, मग कारणमीमांसा पानंच्या पानं, आणि शेवटी आदेश. आदेशात कोणी पुन्हा म्हणत नाही की वादीचं म्हणणं असं होतं. दावा मंजूर, प्रतिवादीनं अमुक मुदतीत ताबा द्यावा, खर्च कोणी सोसावा, झालं. पक्षकार बिचारा चाळीस पानं सोडून आधी शेवटचं पान उघडतो, कारण घरी जाऊन करायचं काय ते तिथंच लिहिलेलं असतं. तुमचा शेवट आदेश करा. सुरुवातीत तक्रार, शेवटी आदेश, दोघं एकसारखे होऊच शकत नाहीत.

तर्रीपोहे
वा साहेब, हे भारी आहे. लगेच करून बघतो.

(थोड्या वेळानं)

हे घ्या:

"उपराजधानीच्या रणरणत्या उन्हात शीतलतेचा एकमेव आधार म्हणजे कूलर. त्याच्या थंडाव्यामागचं रहस्य आपण उलगडलं. वाचकांनी ताट्यांची निगा राखावी, पंपाची तपासणी करावी, पाण्याची शुद्धता जपावी आणि हवा खेळती ठेवावी."

वऱ्हाडी_डेस्क
उपराजधानीच्या रणरणत्या उन्हात 😂😂 अबे तेच वाक्य हाये, फकस्त शेरवानी घालून आलं.

प्रूफवाली
मी उशिरा आले, पण हे माझं रोजचं काम आहे म्हणून सविस्तर लिहिते. बावीस वर्षं दुसऱ्यांचे लेख तपासतेय आणि दहापैकी सहासात लेख याच जागी परत पाठवावे लागतात.

तर्रीपोहे, तुम्ही शब्द बदलले पण वाक्य सांगतं काय ते नाही बदललं. तुमच्या पहिल्या शेवटात क्रियापदं कोणती आहेत बघा: पाहिल्या, समजून घेतलं, लक्ष दिलं. ही सगळी लेख लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची क्रियापदं आहेत, कूलरचं एकच आहे, शेवटचं "देईल", आणि ते नुसतं आश्वासन. कूलरमध्ये ताटी दबते, भोक बुजतं, हवा कोंडते, थर बसतो. यातलं एकही तुमच्या शेवटात नाही. म्हणजे तुम्ही विषयांची नावं परत घेतलीत, विषयांबद्दल जे कळलं ते नाही सांगितलं. आणि नावं तर सुरुवातीतच घेऊन झाली होती, म्हणून संपादक काकांना ते पहिलं पान वाटलं.

दुसऱ्या मसुद्यात आदेश आले पण "निगा राखावी, तपासणी करावी" हे लेख न वाचतासुद्धा कोणी लिहू शकतं. मी एक खेळ करते नेहमी. शेवटचा परिच्छेद उचलायचा आणि लेखाच्या डोक्यावर ठेवून वाचायचा. तिथं तो छान बसला, कुठंच खटकला नाही, तर तो शेवट नाही, ती दुसरी सुरुवात आहे. तुमचे दोन्ही मसुदे तिथं मस्त बसतात, तुम्हीच ठेवून बघा.

आता असं करा. सुरुवातीचं पान उलटं घालून ठेवा, ते बघायचंच नाही. लेखाचे चार भाग आहेत ना, एकेक भाग वाचा आणि वाचून झाल्यावर चिठ्ठीवर एकच वाक्य लिहा, की या भागामुळे वाचणाऱ्याला आता काय माहीत झालं जे त्याला आधी माहीत नव्हतं. वाक्यात "या भागात" हा शब्द येऊ द्यायचा नाही. चार चिठ्ठ्या इथं टाका, मग पुढचं बोलू.

कागदोपत्री
ताई, आदेशाचं काही चुकलं का माझं?

प्रूफवाली
नाही काका, अर्धं अगदी बरोबर आहे. शेवट कामाचा असावा, हे खरं. पण कोर्टाच्या आदेशामागे कोर्टाचा धाक आहे, कारण नाही सांगितलं तरी पाळावाच लागतो. यांच्या लेखामागे कोण आहे? म्हणून प्रत्येक आदेशाला कारणाचा एक धागा चिकटलेला लागतो, चार शब्दांचा का होईना. नाहीतर ती नुसती फर्मानं होतात आणि लेखात जे समजावलं ते वाया जातं.

कीर्तनवेडा
मधेच बोलतो. आमच्या आजोबांच्या बरोबर मी खूप नारदीय कीर्तनं ऐकली. बुवा पूर्वरंगात एक अभंग घेऊन निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात, आणि शेवटी हमखास मूळपदावर येतात. म्हणजे तोच अभंग, त्याच ओळी, एक शब्द बदललेला नसतो. आणि तरी लोकांच्या डोळ्यात पाणी असतं कारण मधे आख्यान होऊन गेलेलं असतं. तेव्हा सुरुवात परत आली म्हणजे चूकच असं मला नाही वाटत. मग आपण लेखालाच ही सक्ती कशासाठी करायची?

प्रूफवाली
छान मुद्दा काढलात. पण बघा, बुवा मूळपदावर काय घेऊन येतात? अभंगाची ओळ. पूर्वरंगाचं निरूपण परत नाही करत. यांनी ओळ सोडली आणि निरूपण परत केलं. यांच्या लेखात ओळ कोणती आहे माहितीये? "कूलर मेला." मावशीचं वाक्य. ते शेवटी आलं तर मला चालेल, उलट आवडेल. "नागपूरच्या उन्हाळ्यात" वगैरे नको.

तर्रीपोहे
चिठ्ठ्या केल्या. वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे, दीड तास गेला, खोटं नाही सांगत. पहिल्यांदा तर चारही वेळा "महत्त्वाचं आहे" असंच लिहिलं गेलं, फाडून परत लिहिल्या.

ताट्या: वुडवूल वर्षभरात खाली बसतं, वरच्या बाजूला फटी पडतात आणि बाहेरची गरम हवा पाण्याला न भेटता त्या फटीतून सरळ आत येते.

पंप: पंप बहुतेक वेळा चालूच असतो, पण वरच्या पन्हळीची भोकं बुजलेली असतात, म्हणून ताटीवर कोरडे पट्टे राहतात.

पाणी: बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, आणि तोच पन्हळीची भोकं बुजवतो.

हवा: समोरची खिडकी बंद असेल तर ओली हवा बाहेर जात नाही, खोलीत कोंडते आणि तासा-दोन तासांत अंगाला चिकचिक सुटते.

प्रूफवाली
आता नीट बघा, तुमच्या हातात काय आलंय. दुसरी आणि तिसरी चिठ्ठी दोन नाहीतच. थर बसतो, म्हणून भोक बुजतं, म्हणून पट्टा कोरडा राहतो. एकच साखळी आहे ती. आणि पहिली चिठ्ठी पण त्याच घरातली, कारण तिथंही शेवटी हवा ओल्या ताटीतून जात नाही हीच अडचण आहे. म्हणजे तुमच्या चार विषयांच्या शेवटी दोनच गोष्टी उरल्या: एकतर हवा ओल्या ताटीतून येत नाही, नाहीतर आलेली हवा बाहेर जात नाही.

हे "दोनच आहेत" तुम्ही सुरुवातीला सांगू शकला असता का? सांगितलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. ताट्या, पंप, पाणी हे वाचणाऱ्यासाठी तेव्हा सुटे सुटे डबे होते. मधला लेख वाचल्यावरच ते एकमेकांत जातात. गोषवारा म्हणजे हे एकमेकांत जाणं दाखवायचं. चारचे चार परत मोजले की तो परत अनुक्रमणिका होतो.

आणि क्रम. लेखात तुम्ही ताट्यांपासून सुरू केलं कारण समजावायला ते सोपं, बरोबर आहे. पण आता वाचणारा कूलरसमोर उभा आहे असं समजा. त्यानं आधी काय बघायचं?

तर्रीपोहे
खिडकी. एक पैसा लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात गल्लीतले नऊ कूलर बघितले त्यात पाच ठिकाणी नुसती खिडकी बंद होती, लोकांना वाटतं खिडकी उघडली की थंड हवा निघून जाईल, एसीची सवय.

प्रूफवाली
मग लेखात जी शेवटी आहे ती खिडकी शेवटच्या परिच्छेदात पहिली घ्या. क्रम उलटला की सुरुवातीची नक्कल व्हायची शक्यता अर्धी तिथंच संपते. नऊपैकी पाच हे लेखात आहे का?

तर्रीपोहे
आहे, चौथ्या भागात.

वऱ्हाडी_डेस्क
ताई तुमचं पटून राहिलं थोडं थोडं. पन मले अजून वाट्टे का गोष्ट सुरुवातीतच सांगून टाकायची. "नऊपैकी पाच कूलरले काहीच झालं नव्हतं, खिडकी बंद होती", ह्या एका वाक्यानं पानभर लेख वाचीन मी. ते शेवटाले कायले ठेवता लपवून?

प्रूफवाली
लपवू नका, बातमीत तर अजिबात नको. तुमची बातमी खालून कापली जाते, वाचणारा कुठंही सोडून जातो, म्हणून तुम्ही सगळं वर ठेवता, ते योग्यच आहे. पण हा समजावणारा लेख आहे. इथं वाचणारा दहा-पंधरा मिनिटं सोबत चालून आलेला असतो. त्याला शेवटी बातमी नकोय, त्याला सामान बांधून पाहिजे, हातात धरून नेता येईल असं. तरी तुमचं एक बरोबर आहे. "नऊपैकी पाच" सुरुवातीत टाकायचं असेल तर टाका, पण मग शेवटात तो आकडा नको. एक गोष्ट एका टोकाला.

पीएचडी_पीडिता
पण मग सुरुवातच कापायची असं पण होऊ शकतं ना? मला वाटतं माझ्या प्रबंधात चूक शेवटात नव्हती, सुरुवातीत होती. मी पहिल्याच पानावर सगळे निष्कर्ष सांगून बसले होते, मग शेवटाला उरलं काय.

प्रूफवाली
हो, आणि हे लोक करत नाहीत कारण सुरुवात आधी लिहिलेली असते आणि तिच्यावर जीव जडतो. मी तर सांगते, शेवट आधी पक्का करा, मग सुरुवात काढा आणि जे शेवटात आलं ते तिथून खोडा. तर्रीपोहेंच्या सुरुवातीत शेवटची दोन वाक्यं गेली तरी काही बिघडत नाही.

तर्रीपोहे
तिसरा मसुदा. काल रात्री लाइट गेली होती, मोबाइलवर टाइप केलाय, चुका सांभाळून घ्या.

"तासा-दोन तासांनी खोली चिकचिकीत होत असेल तर कूलरला हात लावू नका, समोरची खिडकी वीतभर उघडा. कोंडलेल्या खोलीत नवी ताटीही काही करू शकत नाही. पहिल्या मिनिटापासूनच गरम वारा येत असेल तर कूलर बंद करा, प्लग काढा आणि ताटीवर आतून हात फिरवा. कोरडा पट्टा लागला तर त्याच्या बरोबर वरचं भोक थराने बुजलेलं आहे, जाड सुईनं मोकळं करा, पंप बदलायची घाई करू नका. पट्टा कुठंच नाही पण ताटीतून बाहेरचा उजेड दिसतो, तर वुडवूल बसलेलं आहे, ते बदला. जूनमध्ये पाऊस पडून गेल्यावर मात्र यातलं काही लागू नाही, तेव्हा बाहेरचीच हवा ओली असते. आणि हो, कूलरचं अर्थिंग वायरमनकडून दरवर्षी तपासून घ्या, लोखंडी बॉडीत करंट उतरतो, ओल्या हातानं पाणी भरताना जीव जाऊ शकतो. मावशीचा कूलर मेला नव्हता. तिची खिडकी बंद होती."

वऱ्हाडी_डेस्क
आता जमलं बावा! हे वर ठेवून पाहिलं, नाही बसत तिथं. "बरोबर वरचं भोक" कोनतं भोक हे लेख वाचल्याबिगर समजतच नाही.

कीर्तनवेडा
मूळपदावर आलात. शेवटची दोन वाक्यं तशीच ठेवा, हात लावू नका.

वऱ्हाडी_डेस्क
तेच दोन काढा म्हनतो मी. टाळी मागून राहिलाय लेखक.

प्रूफवाली
मावशीचं तुम्ही दोघं बघून घ्या, मला दोन्ही चालेल. मी ठेवीन, कारण सुरुवातीतलं एकच वाक्य परत आलंय आणि ते उलटं होऊन आलंय.

माझी हरकत दुसरीकडे आहे. अर्थिंग लेखात कुठं आहे?

तर्रीपोहे
कुठंच नाही. शेवट लिहिताना आठवलं.

प्रूफवाली
असं होतंच. शेवट लिहिताना डोकं मोकळं असतं म्हणून राहून गेलेलं आठवतं, आणि माणूस तिथंच लिहून टाकतो. तुमच्या परिच्छेदात "आणि हो" आलं ना, तेच खूण आहे. "आणि हो", "जाता जाता", "आणखी एक" असं शेवटात आलं की समजायचं एक भाग मधून निसटलाय. बाकी सगळी वाक्यं मागचं काहीतरी उचलून आणतात, हे एकटंच पहिल्यांदा येतंय, आणि गोष्ट जिवाची. ते उचला आणि पंपाच्या भागात नीट दोन परिच्छेद करून लिहा, करंट उतरतो म्हणजे काय, पाणी भरण्याआधी प्लग का काढायचा. शिवाय एक ओळ अगदी वर, सुरुवातीच्याही आधी, चौकटीत: कूलर उघडण्याआधी प्लग काढा.

कागदोपत्री
पण ताई, प्लग काढा हे तर शेवटात पण आहे. मग तुमच्याच नियमाप्रमाणे एक गोष्ट दोन टोकांना झाली की.

प्रूफवाली
झाली, आणि मुद्दाम झाली. जिथं विसरलं तर माणूस मरतो तिथं मी दोनदा काय, तीनदा लिहू देते. नक्कल नको हा नियम वाचणाऱ्याचा वेळ वाचवायला आहे, जीव त्याच्यापेक्षा मोठा.

तर्रीपोहे
अर्थिंग पंपाच्या भागात सरकवलं, तिथं त्याचे जवळजवळ दोनशे शब्द झाले. सुरुवातीतून "नागपूरच्या उन्हाळ्यात" आणि "या लेखात आपण" ही दोन वाक्यं काढली. आता सुरुवात "शेवटी कूलरच बदलतो" वर संपते आणि थेट ताट्यांच्या भागात जाते. बायकोनं वाचलं, म्हणाली शेवट वाचून उठून खिडकी बघावीशी वाटते. संपादक काकांना आज पाठवतो.

एक शंका मात्र राहिली. समजा कोणी नुसता शेवट वाचला तर? कागदोपत्री काका म्हणाले तसं लोक शेवटचं पान आधी उघडतात. त्यांना पन्हळ, थर, बसलेलं वुडवूल हे कसं कळणार? त्यांच्यासाठी सगळं परत समजावलं तर परत सुरुवातच होते.

पीएचडी_पीडिता
त्यांच्यासाठी वर वेगळा सारांश द्या ना चार ओळींचा, आमच्याकडे असतो तसा.

वऱ्हाडी_डेस्क
अन् मंग तो सारांश अन् शेवट सारखा झाला का पुन्हा हाच धागा काढ.

प्रूफवाली
याचं पक्कं उत्तर माझ्याकडे पण नाही. मी ज्यानं पूर्ण वाचलंय त्याची बाजू घेते. काका त्याची घेतील जो शेवटचं पान उघडतो. फार तर प्रत्येक वाक्यात एक धरायला जागा ठेवा, म्हणजे "ताटीच्या वरची पन्हळ" असं म्हणा, नुसतं "वरचं भोक" नको. दोन शब्द वाढतील, नक्कल होणार नाही.

कागदोपत्री
मी शेवटच्या पानवाल्याचीच घेईन. चाळीस वर्षं त्यांना तेच करताना बघितलंय.

गोकुळपेठचा_मामा
मी लेख नाही वाचला, वेळ नव्हता, फक्त तो शेवटचा तुकडा वाचला. खिडकी उघडली. अर्ध्या तासात फरक पडला बा, खरंच सांगतो. आता ते सुईचं करायला बसलो आहे, प्लग काढला आहे. पण ती पन्हळ म्हणजे नेमकी कोणती, वरचा पाइप की त्याच्या खालची पत्र्याची नाली?

तर्रीपोहे
पत्र्याची नाली मामा. पाइप तिच्यात पाणी सोडतो. थांबा, दुसरा भाग पाठवतो, त्यात चित्र आहे.